बीएचए आणि बीएचटी: तेलाचा खवटपणा, उंदराचे अग्रजठर आणि सुरक्षिततेचा प्रश्न

तेल किंवा तळलेला पदार्थ खवट होणे ही मुख्यतः हवेतील ऑक्सिजनची करणी असते, जंतूंची नव्हे. त्यामुळे जंतुनाशक परिरक्षके येथे निरुपयोगी ठरतात आणि ऑक्सिजनची क्रिया रोखणारे वेगळे द्रव्य लागते. अशा द्रव्यांचा पद्धतशीर शोध पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये सुरू झाला. शार्ल मुरू आणि शार्ल द्यूफ्रेस हे रसायनशास्त्रज्ञ अॅक्रोलीन नावाचे अतिशय अस्थिर रसायन टिकवण्याच्या प्रयत्नात होते, आणि हायड्रोक्विनोनसारख्या फिनॉल वर्गातील संयुगांचा अल्पसा अंशही ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड थोपवतो, असे त्यांना आढळले. एवढ्याशा द्रव्याने हे कसे साधते, याचा उलगडा मात्र १९४० च्या दशकात झाला. इंग्लंडमध्ये रबराच्या संशोधनात गुंतलेल्या बोलंड आणि गी यांनी तेलाच्या ऑक्सिडीकरणाची साखळी टप्प्याटप्प्याने मांडून दाखवली.

त्या साखळीचा गाभा समजून घेतला की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो. तेलातील असंतृप्त मेदाम्लांमध्ये दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेला हायड्रोजन अणू सैल असतो. प्रकाश, उष्णता किंवा लोखंड-तांब्याचा लेश यांमुळे तो सुटला की मागे एक मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनमुळे अतिशय क्रियाशील झालेला रेणू, उरतो. हा मूलक ऑक्सिजनशी जोडला जाऊन पेरॉक्सी मूलक बनतो, आणि तो शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेऊन स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होतो. शेजारी मात्र नवा मूलक तयार झालेला असतो, म्हणून साखळी चालूच राहते. हायड्रोपेरॉक्साइडला स्वतःला फारसा वास नसतो. ते फुटून हेक्सॅनलसारखे लहान अल्डिहाइड तयार होतात तेव्हा नाकाला खवटपणा कळतो. दुहेरी बंध जितके अधिक, तितकी ही घाई मोठी: दोन बंधांचे लिनोलेइक आम्ल एका बंधाच्या ओलेइक आम्लापेक्षा साधारण दहापट वेगाने ऑक्सिडीभूत होते.

बीएचए (ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिअॅनिसोल) आणि बीएचटी (ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युइन) ही दोन्ही फिनॉल वर्गातील संयुगे या साखळीच्या मध्येच पाचर मारतात. पेरॉक्सी मूलकाला मेदाम्लाऐवजी आपल्याकडचा हायड्रोजन ते सहज देऊ करतात. हायड्रोजन गमावल्यावर त्यांचाही मूलक होतो, परंतु फिनॉलमधील कार्बन अणूंच्या वलयाला चिकटलेल्या अवजड ब्युटिल गटांमुळे आणि वलयात पसरलेल्या इलेक्ट्रॉनमुळे तो इतका मंद असतो की नव्या मेदाम्लावर हल्ला करत नाही. उलट तो आणखी एका पेरॉक्सी मूलकाला जोडून घेतो. अशा प्रकारे एक रेणू दोन साखळ्या थांबवतो, आणि एकेका साखळीत मेदाम्लाचे कित्येक रेणू खर्ची पडणार असल्यामुळे दहा लाख भागांत शे-दोनशे भागही पुरतात.

या यंत्रणेतच तिची मर्यादाही दडलेली आहे. द्रव्य खर्च होत असते. ते शिल्लक आहे तोवर तेलाची अवस्था जवळजवळ स्थिर दिसते आणि ते संपताच बिघाड झपाट्याने वाढतो. आधीच खवट झालेले तेल बीएचए घातल्याने सुधारत नाही, म्हणून ते ताज्या तेलात, शुद्धीकरणानंतर लगेच घालावे लागते. ओलाव्यामुळे मेदाम्ले सुटून येणारा खवटपणाही त्याने थांबत नाही, कारण ती रासायनिक क्रियाच वेगळी आहे. प्रयोगशाळेत तेलाची तपासणी पेरॉक्साइड मूल्यावरून करतात, पण तेथेही एक फसवणूक होते. पेरॉक्साइड आधी वाढते आणि नंतर फुटून कमी होते, त्यामुळे फार खराब झालेल्या तेलाचे मूल्य चांगल्या तेलाइतके कमी निघू शकते. यासाठी अल्डिहाइड मोजणारे अॅनिसिडीन मूल्यही जोडीला पाहावे लागते.

अन्नात या द्रव्यांचा प्रवेश प्राणिज चरबीच्या वाटेने झाला. वनस्पती तेलांत टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या वर्गातील ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये, मुळातच असतात, डुकराच्या चरबीत ते फारच थोडे असतात, आणि त्यामुळे ती लवकर खवट होते. अमेरिकेत आधी ग्वायकम या झाडाच्या डिंकाला परवानगी मिळाली, नंतर १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएचए वापरात आले. पेट्रोलमध्ये गोंदासारखा साका होऊ नये म्हणून वापरले जाणारे बीएचटी १९५४ मध्ये अन्नासाठी मान्य झाले. दोघांची जोडी जमण्याचे कारण रासायनिकच आहे. बीएचएचा झिजलेला मूलक बीएचटीकडून हायड्रोजन घेऊन पुन्हा कामाला लागतो, म्हणून मिश्रण एकेकट्यापेक्षा अधिक टिकते. तळणाच्या उष्णतेतून पार होऊन पदार्थात टिकून राहण्याचा गुण बीएचएमध्ये अधिक आहे, बीएचटी वाफेबरोबर बरेच उडून जाते. बहुअसंतृप्त वनस्पती तेलांत मात्र दोघांचाही प्रभाव बेताचाच पडतो. तेथे १९७२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टीबीएचक्यू हे फिनॉल वर्गातीलच द्रव्य अधिक उपयोगी ठरले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची सर्वसाधारण मर्यादा पदार्थातील मेदाच्या ०.०२ टक्के, म्हणजे किलोमागे २०० मिलिग्रॅम, अशी आहे.

सुरक्षिततेच्या चर्चेला एक विचित्र सुरुवात लाभली आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत ली वॉटनबर्ग यांनी दाखवले की बेंझोपायरीनसारखे कर्कजनक देण्याआधी उंदरांना बीएचए किंवा बीएचटी खाऊ घातले, तर जठराच्या पुढच्या भागातील गाठी कमी होतात. काही वर्षे ही द्रव्ये कर्करोगाला अटकाव करणारी म्हणून अभ्यासली जात होती. दशकभरानंतर जपानमधील नागोया सिटी विद्यापीठात नोबुयुकी इतो आणि सहकाऱ्यांनी एफ३४४ जातीच्या उंदरांना १०४ आठवडे बीएचए खायला दिले, आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नेमक्या त्याच भागाचा कर्करोग आढळला. आहारात बीएचए २ टक्के होते त्या गटात सुमारे एक तृतीयांश उंदरांना असा कर्करोग झाला होता.

या प्रयोगाचा अर्थ लावताना दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली अवयवाची. उंदराच्या जठराचा पुढचा भाग, म्हणजे अग्रजठर, अन्न साठवण्याची पिशवी असते. माणसाला ते नसतेच. त्या पिशवीत अन्नासोबत बीएचए दीर्घ काळ अस्तराला भिडून राहते, पेशी चिडतात, त्यांची वाढ होते आणि वर्षानुवर्षे चाललेल्या त्या वाढीतून गाठी येतात. बीएचए डीएनएवर थेट आघात करत असल्याचे चाचण्यांत दिसले नाही, आणि खाणे थांबवल्यावर अस्तराची सुरुवातीची वाढ मागे हटते, असेही आढळले. अग्रजठर नसलेल्या कुत्र्यांच्या आणि माकडांच्या जठरात तशा जखमा झाल्या नाहीत. माकडांच्या अन्ननलिकेत पेशीविभाजन काहीसे वाढले होते. ही नोंद विसरण्याजोगी नाही, कारण माणसाच्या अन्ननलिकेचे अस्तर अग्रजठराच्या अस्तरासारखेच असते.

दुसरी गोष्ट मात्रेची, आणि ती हिशेबानेच स्पष्ट होते. आहारात २ टक्के म्हणजे उंदराला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसासाठी हे प्रमाण रोज ६० ग्रॅम होते. आता शंभर ग्रॅम तळलेला खाऊ घ्या, त्यात ३५ ग्रॅम तेल आहे आणि तेलात पूर्ण २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो बीएचए आहे, असे समजा. त्यातून ७ मिलिग्रॅम पोटात जाईल. उंदराच्या मात्रेशी बरोबरी करायची तर दिवसाला आठ हजारांहून अधिक असे शंभर ग्रॅमचे पुडे खावे लागतील. शिवाय या उंदरांत अस्तराची वाढच न होणारी पातळी आहारात ०.१२५ टक्के, म्हणजे दर किलोमागे सुमारे ६२ मिलिग्रॅम, अशी निघाली. तिला साधारण शंभराने भागून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने माणसासाठी दर किलोमागे रोज ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. साठ किलोला ती ३० मिलिग्रॅम होते.

तरीही संस्थांची मते जुळत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्राण्यांतील पुराव्यावरून बीएचएला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या २बी गटात ठेवले, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या कर्कजनकांच्या यादीत ते १९९१ पासून आहे. याउलट युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये अग्रजठराचा निकष माणसाला लागू नाही असे मानून मर्यादा उलट वाढवली आणि दर किलोमागे १ मिलिग्रॅम केली. हा विरोधाभास वाटतो तितका खरा नाही. पहिल्या दोन याद्या 'हे द्रव्य कोणत्याही मात्रेत कर्करोग करू शकते का' हे विचारतात, तर अन्न प्राधिकरण 'रोजच्या खाण्यातील मात्रेत धोका किती' हे विचारते. नेदरलँड्समध्ये ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांचा सहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा बीएचए वा बीएचटीचे सेवन आणि जठराचा कर्करोग यांचा लक्षणीय संबंध आढळला नाही. मात्र त्या लोकांचे सरासरी सेवन दिवसाला एक मिलिग्रॅमच्याही खाली होते. अधिक सेवन करणाऱ्यांविषयी हा अभ्यास काही सांगू शकत नाही.

माझ्या मते अधिक बारकाईने पाहण्याजोगे द्रव्य बीएचटी आहे, आणि चर्चेत त्यालाच कमी जागा मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९७९ च्या चाचणीत उंदरांत ते कर्कजनक ठरले नाही. परंतु १९८६ मध्ये डेन्मार्कमधील एका अभ्यासात गर्भावस्थेपासून बीएचटी मिळालेल्या उंदरांच्या पिलांमध्ये, मोठेपणी, जास्त मात्रेच्या गटात यकृतातील गाठी वाढलेल्या दिसल्या. मोठ्या मात्रेत ते उंदरांच्या रक्त गोठण्यातही अडथळा आणते. तज्ज्ञ समितीची मर्यादा दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. युरोपीय प्राधिकरणाने २०१२ मध्ये ती ०.२५ केली, तिचा आधार पिलांची संख्या आणि वजन कमी होण्याचा परिणाम होता.

या छोट्या आकड्याचा खरा ताण मुलांवर पडतो. पंधरा किलो वजनाच्या बालकासाठी ०.२५ च्या हिशेबाने दिवसाला ३.७५ मिलिग्रॅम मर्यादा येते. वर घेतलेल्या पुड्यात बीएचएऐवजी बीएचटी पूर्ण प्रमाणात असेल तर ७ मिलिग्रॅम होते, म्हणजे अर्ध्याहून थोड्या अधिक पुड्यातच मर्यादा गाठली जाते. प्रत्यक्षात तळताना बीएचटी उडते, उत्पादक पूर्ण प्रमाण क्वचितच वापरतात आणि ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सरासरीची असते, म्हणून एका दिवसाच्या ओलांडणीला विष म्हणणे चूक आहे. तरीही मोठ्या माणसाच्या आणि बालकाच्या बाबतीत सुरक्षिततेचे अंतर सारखे नाही. युरोपात तेल-चरबीसाठी बीएचटीची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे बीएचएच्या निम्मी, ठेवली गेली. त्या प्रमाणात शंभर ग्रॅमच्या याच पुड्यातून बालकाला ३.५ मिलिग्रॅम मिळतात आणि मर्यादा जेमतेम पाळली जाते.