शिळा भात, फ्रीज आणि २ ग्रॅमचा हिशोब

आमच्या फॅमिली ग्रुपवर मागच्या आठवड्यात फॉरवर्ड आला, की गरम भात म्हणजे विष आणि फ्रीजमधला भात म्हणजे औषध, कॅलरी ६० टक्के कमी होतात वगैरे. गंमत म्हणजे हीच काकूमंडळी गेल्या वर्षापर्यंत शिळं अन्न तामसी म्हणून फोडणीच्या भाताला नाकं मुरडत होती. म्हटलं आता नीट लिहूनच टाकू, कारण यात खरं विज्ञान आहे, फक्त ते फॉरवर्डएवढं मोठं नाहीये.

शाळेत भातावर आयोडीन टाकून निळा रंग आणलेला आठवतोय ना, तो स्टार्च. त्यात दोन प्रकारच्या साखळ्या असतात, दोन्ही ग्लुकोजच्याच. अमायलोज म्हणजे सरळ लांब दोरी आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेलं झुडूप. कच्च्या दाण्यात हे सगळं घट्ट रचून ठेवलेलं असतं. पाणी साधारण ७० अंशांच्या आसपास गेलं की ही रचना सुटते, दाणा पाणी पितो, फुगतो, आणि आपल्या पोटातल्या एन्झाइमना साखळ्या मोकळ्या मिळतात, म्हणून गरम भात पटकन पचून साखर चढते.

आता भात गार झाला की काय होतं, तर अमायलोजच्या सरळ दोऱ्या शेजारीशेजारी येऊन एकमेकींना पीळ घालतात आणि असे पीळ एकमेकांवर रचले जाऊन घट्ट गठ्ठे होतात. एन्झाइमला त्या गठ्ठ्यात तोंडच घालता येत नाही. अशा न पचणाऱ्या स्टार्चलाच रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. अमायलोजचं हे काम काही तासांत उरकतं, झुडपांना मात्र फांद्यांमुळे जवळ यायला दिवस दिवस लागतात.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. सकाळी फ्रीजमधून भाताचा डबा काढला की शितं कडक, बोटांनी मोडावी लागतात. कढईत टाकून पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं की दोन मिनिटांत परत मऊ. मग लोक विचारतात, आता तो स्टार्च गेला का? नाही. मऊ झाली ती मुख्यतः झुडपं, त्यांची रचना ६०-७० अंशांपर्यंत वितळून जाते. अमायलोजचे गठ्ठे सुटायला १२० अंशांच्या वर जावं लागतं आणि ओलसर भात कढईत तेवढा तापतच नाही. म्हणजे फोडणी द्या, गरम करा, बराचसा रेझिस्टंट स्टार्च टिकतो. मोकळा होणाऱ्या तांदळात अमायलोज जास्त म्हणून त्यात हे जास्त होतं, चिकट तांदळात कमी.

आता हिशोब. इंडोनेशियातल्या एका अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या पांढऱ्या भातात ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च निघाला, आणि २४ तास ४ अंशांवर ठेवून परत गरम केलेल्यात १.६५. अडीच पट, भारी वाटतं! पण २०० ग्रॅम भात खाल्ला तर फरक पडला फक्त २ ग्रॅमचा. हा स्टार्च ग्रॅममागे पूर्ण ४ ऐवजी साधारण २ कॅलरी देतो, म्हणजे अडीचशेहून जास्त कॅलरींतून वाचल्या ४. ते ६० टक्के आले कुठून, तर २०१५ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी खोबरेल तेल घालून शिजवलेल्या भाताबद्दल अमेरिकेतल्या एका परिषदेत जी आशा बोलून दाखवली होती, तिथून. ती आशा होती, मोजमाप नव्हतं.

साखरेचं थोडं बरं आहे. इंडोनेशियातल्या त्याच अभ्यासात १५ निरोगी माणसांमध्ये जेवणानंतरची रक्तातल्या साखरेची चढ साधारण १८ टक्के कमी दिसली. पण १५च माणसं, निरोगी, आणि एका वेळचं जेवण, त्यावरून कुणी डायबेटिसची गोळी बंद करू नये.

पोटाचं म्हणाल तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो, तिथले बॅक्टेरिया तो आंबवतात आणि ब्युटिरेट तयार होतं, जे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं आवडतं इंधन. गोची अशी की रुमिनोकोकस ब्रोमाय नावाचा जो बॅक्टेरिया हे गठ्ठे फोडायला पुढे असतो तो सगळ्यांच्या पोटात सारखा नसतो, म्हणून एकाला फरक दिसतो आणि दुसऱ्याला नुसता गॅस. शिवाय प्रयोगांमध्ये बऱ्याचदा रोज १५ ते ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च पावडरमधून देतात. १५ ग्रॅम भातातून हवे असतील तर जवळजवळ ९०० ग्रॅम शिळा भात खावा लागेल, आणि त्यातला बाकीचा अडीचशे ग्रॅम स्टार्च साखर होऊन रक्तात जाईलच की! बटाट्याचा आकडा बरा आहे, एका मोजणीत गार बटाट्यात १०० ग्रॅममागे ४.३ ग्रॅम आणि गरममध्ये ३.१, पण फरक पुन्हा ग्रॅमभराचाच.

एक मात्र नक्की पाळा. भात रात्रभर ओट्यावर ठेवून गार करू नका. बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं उलटी आणणारं विष फोडणीच्या आचेलाही जुमानत नाही, वासही येत नाही. कुकरच्या भांड्यात गोळा ठेवला तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो, म्हणून ताटात पातळ पसरा, वाफ गेली की तासाभरात झाकून फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईस्तोवर गरम करून संपवा.