हळद पावडरीचा घरगुती उद्योग: पीएमएफएमई योजनेत अर्ज कसा करावा

हळकुंडं बाजारात नेण्याऐवजी घरीच दळून पाकिटं विकायची असतील, तर यंत्रांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. अर्जदाराचं वय १८ च्या वर हवं. पती, पत्नी आणि मुलं मिळून एक कुटुंब धरतात आणि त्यातल्या एकालाच लाभ मिळतो. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, म्हणून आधी पोर्टलवर अर्ज सुरू आहेत ना, ते बघा.

समजा, हळद दळायचा पल्व्हरायझर, चाळणी, पॅकिंग यंत्र आणि शेडचं काम मिळून पात्र खर्च ६ लाख आहे. त्यातले किमान ६० हजार स्वतःचे घालायचे, उरलेल्याला बँकेचं कर्ज. अनुदान बसतं २ लाख १० हजार, पण ते हातात पडत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यावर तीन वर्षं खातं नियमित आणि उद्योग चालू राहिला, तरच ते कर्जात वळतं होतं. जमिनीची किंमत आणि कच्च्या हळदीची खरेदी यात धरत नाहीत. बांधकाम एकूण खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे इथे १ लाख ८० हजार.

अर्ज pmfme.mofpi.gov.in वर भरतात. आधार, पॅन, बँकेचा खातेउतारा, यंत्रांची जीएसटीसह कोटेशनं आणि जागेचा कागद जवळ ठेवा. सातबारा सामाईक असेल तर भावांचं संमतीपत्र आधीच करून घ्या, ऐनवेळी ते जमत नाही. योजनेसाठी नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि प्रकल्प अहवाल तयार करून देते. तिचं मानधन सरकार देतं, तेव्हा एजंटाला पैसे मोजू नका. पुढे प्रकरण जिल्हा समितीकडे आणि तिथून बँकेकडे जातं. मंजुरीआधी यंत्र विकत घेऊ नका.

प्रकरण अडकतं ते बहुधा अहवालात. दोन एकरांत वाळलेली हळद साधारण ४० ते ५० क्विंटल निघते. विक्रेत्याच्या सांगण्यावरून ताशी १०० किलोचं यंत्र घेतलं, तर ५० क्विंटल पन्नास तासांत दळून होतात. अहवालात मात्र वर्षाचे २०० दिवस, रोज आठ तास लिहिलेले असतात, म्हणजे १,६०० क्विंटल! एवढा माल येणार कुठून, हे बँक अधिकारी विचारणारच. तेव्हा यंत्र लहान घ्या, नाहीतर गावातली हळद विकत घेऊन किंवा मजुरीवर दळून किती तास भरतील, ते हिशोबात मांडा. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालवता येत नाही, वेगळ्या वीजजोडणीचा खर्चही त्यात आला पाहिजे.

विक्रीआधी foscos.fssai.gov.in वर अन्न नोंदणी करा. लहान उद्योगाच्या मूलभूत नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. तिथे मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो, म्हणून तो हाती येईपर्यंत पाकिटांची छपाई थांबवा.