विनिमय दराची वेळनोंद

एकाच चलनजोडीचा दर एकाच तासाला दोन संकेतस्थळांवर वेगळा दिसतो, याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे ते दोन दर मुळात एकाच क्षणाचे नसतात. पान उघडल्याची वेळ सारखी असते, पण दर बाजारातून कधी उचलला ती वेळ निराळी असते. या दुसऱ्या वेळेची नोंद म्हणजे दराचा टाइमस्टॅम्प. ती नोंद अपुरी असेल किंवा भलत्याच टाइम झोनमध्ये वाचली गेली, तर दोन्ही आकडे बरोबर असूनही एक चुकीचा वाटतो.

परकीय चलनाच्या बाजाराला एकच मध्यवर्ती बाजारपेठ नाही. बँका आणि दलाल आपापसांत सौदे करतात आणि प्रत्येक पुरवठादार आपल्याला दिसणाऱ्या भावांवरून दर काढतो. त्यामुळे अगदी त्याच सेकंदालाही दोन थेट दरांत चौथ्या-पाचव्या दशांश स्थळी फरक राहतो आणि तो कधीच पूर्ण नाहीसा होत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्थळी फरक दिसला तर मात्र आधी वेळ तपासावी.

रोजचे दर देणारी अनेक संकेतस्थळे आणि चलन बदलून दाखवणारी साधने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरांवर चालतात, कारण ते खुले आणि विनामूल्य आहेत. हे दर कामकाजाच्या दिवशी फ्रँकफर्टच्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, मध्यवर्ती बँकांच्या आपसातील विचारविनिमयातून ठरतात आणि ४ वाजण्याच्या सुमारास प्रसिद्ध होतात. म्हणजे हातात येतो तेव्हाच हा दर जवळपास दोन तास जुना असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला तोच दर पाहणारा माणूस पंचवीस तासांहून जुना भाव पाहत असतो, आणि सोमवारी दुपारी पाहणारा शुक्रवारचा. बँक स्वतःच हे दर केवळ माहितीसाठी असल्याचे सांगते. अडचण पुढे येते: ते वापरणारे पान बहुधा दराची वेळ दाखवत नाही, आपण फाइल शेवटची कधी आणली ती वेळ ‘अद्ययावत’ म्हणून दाखवते. दोन मिनिटांपूर्वी आणलेली फाइल ताजी असते, तिच्यातला दर ताजा असेलच असे नाही.

हा फरक किती मोठा होऊ शकतो, हे १० एप्रिल २०२४ या दिवसावरून नेमके कळते. त्या बुधवारी अमेरिकेचे मार्च महिन्याचे महागाईचे आकडे न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे सकाळी साडेआठला जाहीर झाले, तेव्हा फ्रँकफर्टमध्ये दुपारचे अडीच वाजले होते. वार्षिक दर ३.५ टक्के निघाला, अपेक्षा ३.४ टक्क्यांची होती. व्याजदर कपात लांबणार असे बाजाराने धरले आणि १.०८६च्या आसपास असलेला युरो-डॉलर दर झपाट्याने १.०८च्या खाली आला. दिवसअखेर तो १.०७४च्या जवळ होता. संदर्भ दराची वेळ मात्र आकड्यांच्या वीस मिनिटे आधीच होऊन गेली होती. त्यामुळे संध्याकाळी साडेचारला संदर्भ दर दाखवणाऱ्या पानावर १.०८६च्या आसपासचा आकडा होता, त्यावर १० एप्रिल हीच तारीख होती, आणि शेजारच्या थेट दराच्या पानावर १.०७ने सुरू होणारा आकडा होता. तारीख एक, तास एक, आणि फरक शेकडा एकच्या आसपास. दहा हजार युरोंमागे तो सुमारे शंभर डॉलर होतो. दुसऱ्या दिवशी नवा दर प्रसिद्ध होईपर्यंत पहिल्या पानावर पडझडीआधीचाच भाव राहिला.

याच आकड्यांचा आधीचा महिना पाहिला की टाइम झोनची गाठ लक्षात येते. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत न्यूयॉर्क आणि फ्रँकफर्ट यांच्यातले अंतर सहा तासांऐवजी पाच तासांवर येते. १२ मार्च २०२४ रोजी फेब्रुवारीची महागाई अशाच काळात जाहीर झाली. तेव्हा फ्रँकफर्टमध्ये दुपारचा दीडच वाजला होता, म्हणून त्या दिवशीच्या संदर्भ दरात बातमीचा परिणाम आधीच उतरला होता. यूटीसी म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत मांडले तर गुंता सुटतो: महागाईचे आकडे दोन्ही दिवशी १२:३०लाच आले, संदर्भ दर मार्चमध्ये १३:१०चा होता आणि एप्रिलमध्ये १२:१०चा. ‘रोज दुपारी २:१०’ हे फ्रँकफर्टच्या भिंतीवरच्या घड्याळासाठी वर्षभर खरे असते, यूटीसीच्या घड्याळासाठी नसते. ज्याने आपल्या प्रणालीत १३:१० यूटीसी हा आकडा कायमचा लिहून ठेवला, त्याचा हिशेब उन्हाळाभर एक तासाने चुकतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अंतर पुन्हा पाच तासांवर येते.

दुसरा घोळ तारखेचा आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या फाइलमध्ये दराचा काळ असा येतो:

```xml
<Cube time='2024-04-10'>
```

गुणधर्माचे नाव `time` असले तरी त्यात तास नाही आणि टाइम झोनही नाही. जावास्क्रिप्टमध्ये `new Date('2024-04-10')` असे लिहिले की ती तारीख यूटीसीमधली मध्यरात्र म्हणून वाचली जाते. न्यूयॉर्कमधल्या ब्राउझरने ती स्थानिक वेळेत दाखवली की ९ एप्रिल, रात्रीचे ८ असे दिसते. दर तोच राहतो, दिवस मात्र एकाने मागे सरकतो. जुन्या दरांच्या दोन तक्त्यांत सगळे आकडे जुळतात पण एकेका ओळीने खालीवर दिसतात, तेव्हा बहुतेकदा हेच झालेले असते. ‘बंद भाव’ या स्तंभातही असाच प्रश्न येतो, कारण चलनबाजारात दिवस न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता संपतो असे धरण्याची रीत आहे, तर काही संकेतस्थळे यूटीसीची मध्यरात्र धरतात. मधल्या दोन-तीन तासांतली हालचाल एकाकडे आजच्या खात्यात जाते, दुसऱ्याकडे उद्याच्या.

प्रत्यक्षात कारण ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही पाने बाजार चालू असताना काही वेळ शेजारी ठेवणे. एक आकडा हलत असेल आणि दुसरा तासन्‌तास स्थिर असेल, तर स्थिर असलेला दैनंदिन संदर्भ दर आहे. दोन्ही हलत असतील पण अंतर कायम राहत असेल, तर कारण वेळेत नाही: एक पान खरेदी-विक्रीच्या मधला भाव दाखवते आणि दुसऱ्याने त्यात आपला नफा मिळवलेला असतो. दोन्ही हलतात पण एक जण दुसऱ्याच्या वळणावर काही मिनिटांनी येतो, असे दिसले तर तिथे विलंबाने येणारा पुरवठा आहे. शनिवार-रविवारी ही पारख चालत नाही, कारण शुक्रवारी न्यूयॉर्कचे ५ वाजले की थेट दरही रविवारच्या त्याच वेळेपर्यंत थांबतो.

पूर्ण वेळनोंदीत तारीख, वेळ आणि यूटीसीपासूनचे अंतर असे तिन्ही हवे, जसे `2024-04-10T14:10:00+02:00`. आयएसटी किंवा सीएसटी अशी लघुरूपे पुरेशी नाहीत. आयएसटी हे भारत, इस्राएल आणि आयर्लंड या तिन्ही ठिकाणच्या वेळांसाठी वापरले जाते. वेळनोंद नसलेल्या दोन दरांपैकी कोणता बरोबर, या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही, कारण ते कोणत्या क्षणाबद्दल बोलत आहेत हेच ठरलेले नसते.