‘इक्विव्हॅलंट आहे सर’ : टाइलचा गम बदलायचा अर्ज कसा वाचायचा

बाणेरला एका सोसायटीच्या एलिव्हेशनचं काम चालू होतं. पश्चिमेची भिंत, सहाशे बाय बाराशेची गडद राखाडी व्हिट्रिफाइड टाइल आणि साधारण 180 चौरस मीटर क्षेत्र. स्पेसिफिकेशनमध्ये टाइल चिकटवायला जो अ‍ॅडहेसिव्ह लिहिला होता (साइटवर सगळे त्याला गमच म्हणतात) त्याची डिलिव्हरी तीन आठवडे लांबली, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या कंपनीचा गम वापरायची परवानगी मागितली. अर्ज नीट होता, सोबत तुलनेचा तक्ता होता, लॅबचा रिपोर्ट होता आणि फोनवर तो म्हणाला, “सर, इक्विव्हॅलंट आहे, उलट याची ताकद जास्त आहे, बघा तुम्ही.”

तक्ता मी बघितला. ताकद खरंच जास्त होती. तरी त्या भिंतीसाठी मी नाही म्हटलं, आणि का ते इथे सविस्तर सांगतो, कारण असे अर्ज प्रत्येक साइटवर येतात आणि बहुतेक वेळा पहिल्या ओळीतला आकडा बघून सही होते.

आधी तो आकडा म्हणजे काय ते बघू. काँक्रीटच्या स्लॅबवर गम लावायचा, त्यावर पन्नास बाय पन्नास मिलीमीटरचा टाइलचा तुकडा बसवायचा, 28 दिवस ठेवायचा, मग त्याला लोखंडी ठोकळा चिकटवून मशीनने सरळ ओढायचा. तुकडा सुटला तेव्हा जितका जोर लागला तो भागिले क्षेत्रफळ. युरोपातल्या ईएन 12004 या मानकात ज्याला सी2 म्हणतात त्या गमला दर चौरस मिलीमीटरला किमान 1 न्यूटन यावं लागतं, सी1 ला 0.5 चालतं. 1 न्यूटन ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या छोट्या तुकड्यावर ते 2500 न्यूटन होतात, म्हणजे अडीचशे किलोच्या वर वजन टांगल्यासारखं.

आता आमची टाइल घ्या. सहाशे बाय बाराशे, 9 मिमी जाड, वजन साधारण 15 किलो. हे वजन पूर्ण टाइलच्या पाठीवर वाटलं तर दर चौरस मिलीमीटरला येतात 0.0002 न्यूटन. म्हणजे सी2 गमची किमान ताकद वजनाच्या गरजेपेक्षा 5000 पट आहे! मग टाइला पडतात कशा? तर वजनाने पडतच नाहीत, आणि हे एकदा डोक्यात बसलं की अख्खा तक्ता वेगळा दिसायला लागतो.

टाइल पडते ती हालचालीने. एप्रिलमधली सकाळ धरा, भिंत 22 डिग्रीवर. दुपारी तीन-चारला पश्चिमेचं ऊन थेट गडद टाइलवर येतं आणि तिचा पृष्ठभाग सहज 60 च्या वर जातो, 40 डिग्रीची वाढ धरू. व्हिट्रिफाइड टाइल दर डिग्रीला, दर मीटरला साधारण 6 ते 7 मायक्रॉन वाढते, म्हणजे बाराशेच्या लांबीत 0.3 मिमी. मागचं काँक्रीट तेवढं तापत नाही, ते 10 डिग्रीच वाढलं तर 0.12 मिमी पसरतं. फरक उरला साधारण 0.2 मिमी, तो टाइलच्या दोन टोकांत वाटला की प्रत्येक टोकाला 0.1 मिमी. हा दशांश मिलीमीटर गमच्या पाच मिमी थरानेच सोसायचा असतो, आणि तोही रोज, जाताना आणि येताना. मे महिन्यात वळवाचा पाऊस तापलेल्या टाइलवर आला की तीच हालचाल काही मिनिटांत उलटी होते. शिवाय नवीन काँक्रीट पहिली काही वर्षं सुकून आकसत असतं, टाइल मात्र आकसत नाही, त्यामुळे तो ताण वेगळा.

म्हणजे गम घट्ट धरणारा हवा हे खरं, पण त्याला थोडं वाकताही यायला हवं. नुसता कडक गम ओढून बघितला तर मस्त आकडा देतो आणि भिंतीवर कडेकडेने सुटत जातो.

कॉन्ट्रॅक्टरने दिलेला तक्ता आणि मी मागवून पूर्ण केलेल्या ओळी, दोन्ही एकत्र असे होते (ताकद न्यूटन प्रति चौरस मिमी):

| चाचणी | किमान | मूळ गम | पर्यायी गम |
|---|---|---|---|
| साधी, 28 दिवस | 1.0 | 1.5 | 1.7 |
| पाण्यात ठेवून | 1.0 | 1.2 | 1.1 |
| 70 डिग्री उष्णतेनंतर | 1.0 | 1.3 | “पास” (नंतर 1.0) |
| गोठवून-वितळवून | 1.0 | 1.1 | 1.3 |
| वाकण्याची क्षमता, मिमी | 2.5 | 3.1 | ओळच नव्हती (नंतर 1.6) |

गोठवून-वितळवून या ओळीत पर्यायी गम पुढे होता आणि अर्जात ती ठळक केली होती. ही चाचणी युरोपातल्या हिवाळ्यासाठी आहे, टाइलच्या मागचं पाणी गोठून फुगतं म्हणून. पुण्यात जानेवारीत कितीही कुडकुडलो तरी भिंतीतलं पाणी गोठत नाही, त्यामुळे या ओळीने आमच्या निर्णयात काहीच बदलत नाही.

उष्णतेची ओळ मात्र आमचीच. तिथे आकडा नव्हता, “पास” लिहिलं होतं. तक्त्यात सगळीकडे आकडे असताना एकाच ठिकाणी शब्द आला की तिथे थांबायचं, ही माझी सवय. या चाचणीत नमुना 14 दिवस साध्या हवेत आणि मग 14 दिवस 70 डिग्रीच्या भट्टीत ठेवतात, थंड झाला की ओढतात. साधं सिमेंट इथे मार खातं, कारण व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते, तिच्या पाठीत छिद्रंच नाहीत ज्यात सिमेंटचे स्फटिक शिरून रुततील. जुन्या सच्छिद्र सिरॅमिक टाइलला सिमेंट धरायचं ते त्या छिद्रांमुळे. व्हिट्रिफाइडला धरतं ते गममधलं पॉलिमर, पावडरच्या रूपात मिसळलेलं असतं आणि पाण्याने पुन्हा जागं होऊन चिकट जाळं बनवतं. पॉलिमर कमी असेल तर भट्टीत गम सुकून आकसतो, टाइल आकसत नाही आणि पकड तिथेच ढिली होते.

मी पूर्ण रिपोर्ट मागितला, तो दोन दिवसांत आला, कॉन्ट्रॅक्टरने काही लपवलं नव्हतं, सप्लायरने जो तक्ता दिला तोच त्याने पुढे पाठवला होता. उष्णतेच्या दहा नमुन्यांचे आकडे असे : 1.0, 1.1, 0.9, 1.0, 1.1, 1.0, 0.9, 1.1, 0.6, 1.4. पद्धत अशी की सरासरी काढायची, तिच्यापासून 20 टक्क्यांहून जास्त लांबचे नमुने काढून टाकायचे, निम्मे तरी उरले पाहिजेत, मग उरलेल्यांची नवी सरासरी. इथे 0.6 आणि 1.4 गेले, उरलेल्या आठांची सरासरी 1.0. म्हणजे पास आहे, खोटं काहीच नाही. पण काठावर पास आहे, आणि साध्या चाचणीतल्या 1.7 वरून 1.0 वर आलाय, चाळीस टक्के पकड उष्णतेने गेली. मूळ गम 1.5 वरून 1.3 वर आला होता.

रिपोर्टमध्ये अजून एक रकाना असतो जो कुणी वाचत नाही : तुकडा सुटला तो कुठून सुटला. गमच्या थरातच फाटला तर दोन्ही बाजूंची पकड गमच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा मोठी, म्हणजे चांगलं. काँक्रीट फाटलं तर उत्तमच. पण टाइलची पाठ कोरी, चकचकीत सुटून आली तर गमने टाइलला नीट धरलंच नव्हतं. पर्यायी गमच्या दहापैकी आठ नमुन्यांत टाइलची पाठ कोरी होती.

शेवटची ओळ वाकण्याची. गमची 3 मिमी जाड पट्टी दोन आधारांवर ठेवून मधे दाबतात, तुटायच्या आधी किती मिमी वाकली ते मोजतात. 2.5 पासून 5 पर्यंत असेल तर एस1, 5 किंवा जास्त तर एस2. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘सी2 टीई एस1’ होतं, पर्यायी गमच्या पोत्यावर ‘सी2 टीई’. टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल घसरत नाही, ई म्हणजे गम पसरल्यावर टाइल लावायला जास्त वेळ मिळतो, हे दोन्हीत होतं. एस1 तेवढं गेलं होतं, आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी तेच तर मागितलं होतं. (काही पोत्यांवर आपल्या आयएस 15477 प्रमाणे ‘टाइप 3’ वगैरे असतं, ती वर्गवारी वेगळी आहे, एका गमचा टाइप आणि दुसऱ्याचा सी2 शेजारी लिहून बरोबरी ठरवता येत नाही, दोन्ही एकाच पद्धतीने तपासलेले लागतात.)

पैशाचा मुद्दा अर्जात होता, तोही बघितला. दर मिलीमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड किलो गम लागतो, 5 मिमीला साडेसात, 180 मीटरला 1350 किलो, म्हणजे वीस किलोची 68 पोती. पोत्यामागे 400 रुपये फरक धरला तर 27,200 रुपये वाचत होते. सातव्या मजल्यावरची एक टाइल सुटली की परत परांची बांधायचा खर्चच त्याच्या आसपास जातो, आणि खाली पार्किंग आहे, मुलं खेळतात.

पण सरसकट नाही म्हणणंही मला बरोबर वाटत नाही. त्याच कामात आतल्या लॉबीची फरशी आणि बाथरूम होती, तिथे ऊन नाही, टाइल लहान, पाण्याच्या चाचणीत पर्यायी गमला 1.1 आहे. तिथे लेखी परवानगी दिली, खोली आणि टाइलचा साइझ नमूद करून. एलिव्हेशनला मूळ गमचीच वाट बघायची किंवा दुसरा एस1 आणायचा, असं उत्तर दिलं. कॉन्ट्रॅक्टर आधी नाराज झाला, मग म्हणाला, “सर, हे आधी कुणी असं ओळीओळीने सांगितलंच नव्हतं,” आणि चार दिवसांत तिसऱ्या कंपनीचा एस1 गम पूर्ण रिपोर्टसकट घेऊन आला. उष्णतेनंतर 1.2, वाकणं 2.9, बहुतेक नमुने गमच्या थरातच फाटलेले. तो मंजूर केला.

मंजुरीत एक अट घातली, आधी पश्चिमेच्याच भिंतीवर सहा टाइला लावायच्या आणि 28 दिवसांनी ओढून बघायच्या, कारण लॅबमध्ये 23 डिग्री असते, साइटवर 37 आणि वारा. 28 दिवसांनी टाइल कटरने पन्नासचे चौकोन काँक्रीटपर्यंत कापले, ठोकळे चिकटवले, ओढले. पाच जागी 0.9 ते 1.2 आणि गम फाटलेला. सहाव्या जागी 0.4, टाइलची पाठ पांढरी स्वच्छ.

मी त्या पाठीवरून बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड आली. भट्टीच्या रोलरला टाइल चिकटू नये म्हणून पाठीला लावतात ती. त्या टाइलची पाठ पुसायची राहिली होती, गम पुडीला चिकटला होता, टाइलला नाही. मिस्त्री म्हणाले, “बाकीच्या ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, ही शेवटची घाईत गेली.” त्या दिवसापासून परांचीवर पाण्याची बादली आणि स्पंज ठेवला, आणि पाठ पुसलेल्या टाइलवर पेन्सिलची खूण केल्याशिवाय ती वर द्यायची नाही असं ठरलं.