पातेल्याच्या पोटातली ऊब

माझी भाची नुकतीच एकटी राहायला लागली आहे. आठवडाभराचं एकदाच शिजवून ठेवायचं असं ठरवून तिने रविवारी दुपारी कडधान्याचा तीन लिटर रस्सा केला. पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं, रात्री झोपताना फ्रिजमध्ये सरकवलं आणि मंगळवारी तिचा फोन आला. "मामा, कडेचा रस्सा बरा लागतोय, पण मध्ये डाव घातला तर आंबट वास येतोय. फ्रिजमध्ये होता ना! आंबला कसा?"

तिला वाटत होतं की फ्रिज बिघडलाय. फ्रिज ठणठणीत होता. रस्सा बिघडला तो ओट्यावर, आणि तोही मधोमध.

उकळल्यावर सगळे जंतू मेले, झाकण घातलं की नवे येणार नाहीत, हा समज फार जणांचा असतो. उकळीने बहुतेक जिवाणू मरतात हे खरं, पण काही जातींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगून राहतात. बीजाणू म्हणजे जिवाणूने अंगाभोवती कवच घेऊन काढलेली झोप. अन्न ६० अंशांच्या खाली उतरलं की ही झोप मोडते. त्यातला एक, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, ४५ अंशांच्या आसपास इतका खूश असतो की अनुकूल अन्नात दहा मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांवर. भाचीच्या रस्स्याला आंबट वास आला हे तिचं नशीबच म्हणायचं, कारण तो वास दुसऱ्याच, आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा. परफ्रिन्जेन्स वाढला तरी वास आणि चव बऱ्याचदा जशीच्या तशी राहते. वास घेऊन निकाल देणं इथे चालत नाही.

मग मध्येच का? पुढच्या रविवारी मी माझ्याकडे तेवढाच रस्सा करून त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून बसलो. चार तासांनी कडेला ३८ अंश, मधोमध ४६. पातळ पाण्यात गरम भाग वर चढतो, गार भाग खाली बसतो, म्हणून ढवळाढवळ आपोआप होते. दाट रस्स्यात ती होत नाही. पोटातली उष्णता कणाकणाने सरकत बाहेर यावी लागते, आणि अशा वहनाचा नियम मोठा क्रूर आहे: जाडी दुप्पट झाली की आतून बाहेर यायला लागणारा वेळ दुप्पट नाही, चौपट होतो. तिप्पट जाडीला नऊपट. (या एका वर्गाने मला शाळेत असल्यापासून वेड लावलंय, तेव्हा थोडं सहन करा.)

उपाय दोन. पातेलं सिंकमधल्या गार पाण्यात ठेवून ढवळत राहायचं, किंवा रस्सा वाटून जाडी मारायची. पाण्याचा हिशेब करून पाहा. तीन किलो रस्सा ९० वरून ३० अंशांवर आणायचा तर साधारण ७५० किलोज्यूल उष्णता काढायची. सिंकमध्ये दहा लिटर पाणी असेल तर तेवढ्या उष्णतेने ते १८ अंशांनी तापेल. २० अंशांचं पाणी ३८ वर गेलं की रस्सा ३० वर यायचा कसा? म्हणून पाणी मध्ये दोनतीनदा बदलावं लागतं. बर्फ असेल तर सव्वादोन किलो पुरतो. मग लगेच वाटणी आणि फ्रिज. शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये जावं, हा नेम ठेवावा. "गरम ठेवलं तर फ्रिज खराब होतो" या धाकाने लोक पातेलं रात्रीपर्यंत बाहेर ठेवतात. कोमट डबे ठेवल्याने फ्रिजला काही होत नाही. वाफाळतं अख्खं पातेलं मात्र नको, शेजारचं दूध तापतं.

भाताबाबत जास्त कडक राहा. तिथला बीजाणू बॅसिलस सिरियसचा. त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळलं तरी नष्ट होत नाही. म्हणजे भात बाहेर राहिला असेल तर "चांगला गरम करून खाते" याला अर्थ उरत नाही.

आता फ्रीझर. आधी दारावर किंवा बर्फाच्या कप्प्यावर तारे किती ते बघा. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. ताजं शिजवलेलं गोठवायचं तर चार तारे हवेत. छोट्या फ्रिजमधल्या एक ताऱ्याच्या कप्प्यात आठवड्याची बेगमी करू नये.

गोठणं म्हणजे गार होण्याचं पुढचं पाऊल, एवढंच नाही. शून्य अंशावरच्या पाण्याचा शून्य अंशावरचाच बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आलं असतं. याला किती वेळ लागेल याचं सूत्र रुडॉल्फ प्लांक यांनी १९१३ साली मांडलं (क्वांटमवाले मॅक्स प्लांक ते वेगळे). त्यात दोन अडथळे मोजले जातात. एक बाहेरच्या हवेचा, तो जाडीच्या प्रमाणात वाढतो, दुसरा अन्नाच्या पोटातला, तो जाडीच्या वर्गाने. अर्धा लिटर रस्सा झिपच्या पिशवीत भरून दोन सेंटिमीटर जाडीचा आडवा पसरला, तर पुस्तकाएवढी चपटी वडी होते. घरच्या फ्रीझरमधल्या संथ हवेत, दोन्ही बाजू मोकळ्या असताना, ती माझ्या हिशेबाने साडेचार-पाच तासांत गोठते. आता अशा सहा पिशव्या ओल्या असतानाच एकावर एक रचा. झाली बारा सेंटिमीटरची वीट, आणि वेळ गेला तीस तासांवर. म्हणून आधी सुट्या, शक्यतो धातूच्या ताटावर, गोठवा. दगड झाल्या की मग पुस्तकांसारख्या उभ्या लावा. पिशवी पूर्ण भरू नका, पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं. काचेची बरणी याच कारणाने फुटते.

सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक थोडे पण मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. बटाट्यात हे लगेच दिसतं: वितळल्यावर स्पंजासारखा, दाबला की पाणी सोडणारा. रस्स्यात बटाटा हवा असेल तर खायच्या दिवशी घाला.

गोठवलेल्या अन्नातली "प्राणशक्ती" जाते म्हणणाऱ्यांना ती कोणत्या एककात मोजतात ते विचारावं. तसंच विजेशिवाय अन्न वितळवणारी "जादुई थाळी" विकणाऱ्यांचं. ती ॲल्युमिनियमची असते, उष्णता भराभर वाहते, बस्स. घरातलं जाड पातेलं पालथं घातलं तरी तेच होतं.

फ्रीझर जिवाणूंना मारत नाही, थांबवतो. म्हणून चपटी पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ताटलीवर वितळायला ठेवायची आणि सकाळी ढवळत, मधोमध बुडबुडे येईपर्यंत उकळायची. भाचीने आता पिशव्यांवर तारीख लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्या खेपेला तिने ती गोठल्यानंतर लिहिली, आणि दवावर पेन चाललंच नाही.