रफार उडाला, र उरला

लंडनच्या माणसाला ‘कार’ म्हणायला सांगितले तर तो ‘का’ म्हणून थांबतो. त्याच माणसाला ‘कार इज’ म्हणायला सांगितले की मघाशी न ऐकू आलेला र स्पष्ट उमटतो आणि आपल्याला ‘कारिज’ असे काहीतरी ऐकू येते. ‘कार पार्क’ म्हणताना मात्र दोन्ही र गायब: ‘का पाक’. एडिंबरा, डब्लिन किंवा शिकागोच्या माणसाच्या तोंडी हे सगळे र शाबूत असतात.

इंग्रजीच्या बोलींची ही दोन मोठी घराणी. स्कॉटलंड, आयर्लंड, कॅनडा आणि अमेरिकेचा बहुतेक भाग स्वरानंतरचा र उच्चारतो. इंग्लंडचा बहुतेक भाग, वेल्सचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका तो उच्चारत नाही. न उच्चारणाऱ्यांचा नियम एका ओळीत सांगता येतो: र नंतर लगेच स्वर ऐकू येत असेल तर र राहतो, व्यंजन आले किंवा बोलणे थांबले तर जातो. यात अक्षराला किंमत नाही, ध्वनीला आहे. ‘फोर’च्या स्पेलिंगमध्ये एकच र आहे, पण ‘फोर एग्ज’मध्ये तो बोलला जातो आणि ‘फोर बॉइज’मध्ये नाही.

संस्कृत संधी शिकलेल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. ‘पुनः’ हा शब्द मुळात ‘पुनर्’. वाक्याच्या शेवटी त्याचा र विरतो आणि विसर्ग उरतो. पुढे स्वर आला की र परत येतो, म्हणून पुनः अधिक आगमन म्हणजे पुनरागमन. गणपती विसर्जनाला ‘पुनरागमनाय च’ म्हणताना आपण जो र उच्चारतो, तो ‘कार इज’मधल्या र सारखाच स्वराची वाट पाहत बसलेला असतो. दोन्हींचा इतिहास अर्थातच वेगळा आहे, पण यंत्रणा तीच.

इंग्रजीतला र एका रात्रीत गेलेला नाही. काही शब्दांतून तो फार लवकर, विशेषतः स च्या आधी गळला. ‘बास’ नावाच्या माशाचे जुने नाव ‘बार्स’ होते, त्यातला र मध्ययुगाच्या अखेरीस उडाला. पण ही फुटकळ गळती. नाटककार बेन जॉन्सनचे इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले. त्यात तो नोंदवतो की शब्दाच्या सुरुवातीला र ठाम उच्चारला जातो, तर मध्ये आणि शेवटी जास्त पातळ. म्हणजे तोवर शेवटचा र उच्चारात होता, फक्त त्याची धार गेली होती.

पातळ होणे म्हणजे नेमके काय? आपल्या मराठी र मध्ये जिभेचे टोक वरच्या हिरडीवर आपटते. इंग्रजीच्या पातळ र मध्ये ते कुठेही टेकत नाही. जीभ नुसती उचलली जाते किंवा आखडून गोळा होते आणि हवा अडखळल्याशिवाय जाते. असा ध्वनी व्यंजनापेक्षा स्वरालाच जवळचा. जिभेने ती उचल थोडी कमी केली की उरतो तो निव्वळ स्वर. म्हणूनच हा र तुटून पडला नाही, तो मागच्या स्वरात विरघळला. जाताना त्याने दोन गोष्टी मागे ठेवल्या: कुठे स्वर लांबला (‘कार्ड’चे ‘काऽड’), तर कुठे मागे एक हलका ‘अ’ चिकटला (‘बिअर’चे ‘बिअ’).

1791 मध्ये लंडनमध्ये जॉन वॉकरचा उच्चारकोश निघाला. नट म्हणून काम केल्यावर उच्चारशिक्षक झालेला हा माणूस कानाचा पक्का होता. ‘लार्ड’, ‘बार्ड’, ‘कार्ड’ यांतला र लंडनमध्ये इतका घशात बोलला जातो की जवळजवळ लांबवलेला ‘आ’च उरतो, असे त्याने लिहून ठेवले. आयर्लंडमध्ये याउलट र फार जोरात वाजवतात, ही त्याची दुसरी तक्रार. दोन्हीकडे नाखूश असणे हा उच्चारकोश लिहिणाऱ्यांचा स्वभावच असावा. पुढच्या शतकात लंडनचा हाच उच्चार सुशिक्षितांचा उच्चार ठरला.

र गेल्यावर काही शब्द एकमेकांवर जाऊन बसले. लंडनच्या माणसाच्या तोंडी वडील या अर्थाचा ‘फादर’ आणि ‘अधिक दूर’ या अर्थाचा ‘फार्दर’ एकसारखे वाजतात. ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ यांचीही तीच गत. हा गोंधळ ज्यांच्या कानाला लहानपणापासून आहे त्यांना तो गोंधळ वाटतच नाही, आणि इथूनच एक गंमत सुरू होते. त्यांच्यासाठी स्पेलिंगमधला आर हा ध्वनी नसून ‘मागचा आ लांब म्हणा’ अशी खूण असते.

या खुणेने जगाच्या नकाशावर ठसे सोडले आहेत. ब्रह्मदेशातले लोक आपल्या देशाला बोलीत ‘बमा’ म्हणतात. इंग्रजांनी त्याचे ‘बर्मा’ लिहिले. औपचारिक नाव ‘म्यन्मा’ असे संपते, पण 1989 मध्ये सरकारने ठरवलेल्या स्पेलिंगच्या शेवटीही आर आहे. ब्रिटिश पद्धतीने वाचणाऱ्याने शेवटचा आ लांब म्हणावा, एवढेच त्याचे काम. आपण मात्र अक्षर पाहिले आणि ‘म्यानमार’ म्हणू लागलो. कोरियातले ‘पार्क’ हे आडनाव तसेच. मूळ कोरियन नाव ‘बाक’च्या जवळचे, त्यात र कधीच नव्हता.

मराठीत याची उलटी खूण सापडते. ‘लाटसाहेब’मधला लाट म्हणजे इंग्रजीतला ‘लॉर्ड’. इथे ज्याने शब्द उचलला त्याने तो कानाने उचलला आणि ऐकू न येणारा र घेतला नाही. ‘डॉक्टर’, ‘कोर्ट’, ‘पार्सल’ या शब्दांत मात्र र पक्का बसला आहे. मराठीला शेवटचा र किंवा रफार उच्चारायला काहीच अडचण नाही, आणि इंग्रजी आपण मुख्यतः पुस्तकातून शिकलो. त्यामुळे लिहिलेला प्रत्येक आर वाचायचा ही आपली सवय.

आता त्या वाट पाहणाऱ्या र कडे परत येऊ, कारण खरी चूक तिथे होते. लंडनच्या मुलाला ‘फोर’ हा शब्द ‘फॉ’ असा ऐकू येतो, पण ‘फोर एग्ज’मध्ये ‘फॉरेग्ज’. त्याला स्पेलिंग अजून येत नाही. मग तो नियम बसवतो: शब्द ‘ऑ’ने संपला आणि पुढे स्वर आला की मध्ये र घालायचा. हा नियम तो ‘लॉ’ या शब्दालाही लावतो, ज्यात र कधीच नव्हता, आणि ‘लॉ अँड ऑर्डर’चे ‘लॉरनॉडा’ होते. ‘आयडिया ऑफ’चे ‘आयडियारव’ होते. शाळामास्तरांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या लाल रेघा मारल्या, तरी हा घुसखोर र हटला नाही. हटेल कसा? बोलणाऱ्याच्या दृष्टीने ‘फोर’ आणि ‘लॉ’ या शब्दांत फरकच उरलेला नाही.

तो घुसतो फक्त आ, ऑ आणि हलक्या अ सारख्या स्वरांनंतर. ‘सी इट’मध्ये र येत नाही, तिथे य डोकावतो, ‘डू इट’मध्ये व. इति अधिक आदि म्हणजे इत्यादी, सु अधिक आगत म्हणजे स्वागत, हीच पट्टी. इ-उ नंतरच्या जागा य आणि व यांनी आधीच धरलेल्या असल्याने र ला तिथे थारा नाही. कोणी लंडनच्या वळणाचे इंग्रजी नुसते ऐकून उचलले आहे की वाचून, हे ओळखायचे असेल तर ‘लॉ अँड’ ऐकावे. वाचून शिकलेला तिथे सहसा र घालत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही र गळला होता. बॉस्टन, न्यूयॉर्क, व्हर्जिनिया, चार्ल्स्टन ही सगळी लंडनशी व्यापाराने जोडलेली ठिकाणे. विसाव्या शतकाच्या मध्याला मात्र तिथे वारे फिरले आणि र असलेला उच्चार प्रतिष्ठेचा मानला जाऊ लागला. हे कसे मोजायचे याचा एक सुंदर साधा प्रयोग भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्हने नोव्हेंबर 1962 मध्ये न्यूयॉर्कमध्ये केला. त्याने तीन मोठी दुकाने निवडली: श्रीमंतांचे सॅक्स, मध्यमवर्गाचे मेसीज आणि स्वस्तातले एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर काय मिळते हे तो आधी पाहून ठेवी. मग विक्रेत्याला विचारी, ‘बायकांचे बूट कुठे मिळतील?’ उत्तर येई, ‘फोर्थ फ्लोअर.’ तो किंचित पुढे वाकून, नीट ऐकू न आल्यासारखे करी. विक्रेता पुन्हा, जरा सावकाश आणि ठासून म्हणे, ‘फोर्थ फ्लोअर.’ मग नजरेआड जाऊन लॅबोव्ह वहीत टिपून घेई.

प्रत्येक माणसाकडून र येण्याच्या चार जागा मिळाल्या: व्यंजनाआधीचा आणि शब्दाच्या शेवटचा, प्रत्येकी एकदा सहज आणि एकदा ठासून. सुमारे साडेसहा तासांत 264 जणांची उत्तरे जमली. निदान एकदा तरी र उच्चारणारे सॅक्समध्ये 62 टक्के, मेसीजमध्ये 51 टक्के आणि क्लाइनमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा निघाले. विक्रेत्यांच्या पगारात तसा मोठा फरक नव्हता. ते गिऱ्हाइकाचा उच्चार उचलत होते.

त्याहून बोलका आकडा मेसीजचा आहे. ‘फ्लोअर’मधला र सहज उत्तरात 44 टक्के होता, ठासून सांगताना 61 वर गेला. सॅक्समध्ये तो 63 वरून 64 झाला, म्हणजे हलला नाही म्हटले तरी चालेल. सॅक्सच्या लोकांना र अंगवळणी पडला होता. मेसीजवाल्यांना तो माहीत होता, पण सावध झाल्यावरच तोंडात येत होता.

या प्रयोगाच्या मर्यादाही उघड आहेत. ध्वनिमुद्रण नव्हते, सगळी भिस्त एका माणसाच्या कानावर. विक्रेत्यांची वयेही त्याने नुसत्या अंदाजाने लिहिली. आज हे काम प्रयोगशाळेत होते. प्राट नावाच्या मोफत संगणक प्रणालीत आवाज घातला की पडद्यावर आडवे पट्टे दिसतात. खालून तिसरा पट्टा साध्या स्वरात पुरुषाच्या आवाजात साधारण 2500 हर्ट्झजवळ असतो. अमेरिकन र आला की तो झपकन 2000 च्या खाली उतरतो. पट्टा वाकला नाही तर र नाही. अर्धवट वाकला की मात्र दोन तज्ज्ञांत वाद रंगतो, कारण आहे आणि नाही यांच्यामध्ये एक धूसर पट्टी असतेच.

1986 मध्ये जॉय फाउलरने हाच प्रयोग पुन्हा केला. एस. क्लाइन तोवर बंद पडले होते, म्हणून त्याच्या जागी मेज हे दुकान घ्यावे लागले. दुकानांचा क्रम तोच निघाला आणि र चे प्रमाण वाढलेले निघाले, पण चोवीस वर्षांच्या मानाने थोडेच.