साडेसात गुणांचे दोन अ‍ॅलर्ट

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्यात वापरलेल्या तयार पॅकेजांमधले सुरक्षेचे दोष शोधणारी `npm audit` ही कमांड पहिल्यांदा चालवली तेव्हा स्क्रीनभर लाल अक्षरं आली. त्यात `ansi-regex` नावाचं पॅकेज पुन्हा पुन्हा दिसत होतं, शेरा 'high'. ऑफिसात लगेच वाद: आजच अपडेट करायचं की नाही?

हा शेरा ज्या गुणांवरून ठरतो ती CVSS ही पद्धत २००५ची. दोषांना CVE क्रमांक द्यायला १९९९मध्येच सुरुवात झाली होती. पण हे सगळं बरीच वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुरतंच होतं. २०१८मध्ये `npm audit` आलं आणि असे शेरे प्रत्येक प्रोग्रामरसमोर येऊन पडले.

घोळ आहे तो 'गंभीर' आणि 'तातडीचं' हे एकच मानण्यात. २०१४च्या हार्टब्लीड या OpenSSLमधल्या दोषाने सर्व्हरच्या मेमरीतल्या गुप्त किल्ल्यासुद्धा बाहेर येत होत्या. त्या वेळच्या सूत्राने त्याला ५ गुण दिले, म्हणजे 'मध्यम'. सूत्र बदलल्यावर ते ७.५ झाले. आणि `ansi-regex`च्या CVE-2021-3807 लाही ७.५च! कारण सूत्र विचारतं, हल्ला नेटवर्कवरून होतो का, लॉगिन लागतं का, नुकसान किती. एकीकडे गुपित फुटतं, दुसरीकडे मुद्दाम रचलेल्या मजकुराने प्रोग्राम अडकून पडतो. गणितात दोन्ही सारखे. ते पॅकेज तुम्ही कुठे वापरता, हे मूळ गुणांत येतच नाही. परिस्थितीनुसार गुण बदलण्याची सोय त्या पद्धतीत आहे, पण ती वापरणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आम्ही दोन कमांड चालवल्या:

```
npm ls ansi-regex
npm audit --omit=dev
```

पहिलीने दाखवलं की ते टेस्ट चालवणाऱ्या जेस्टच्या पोटातून आलंय. दुसरी टेस्टसारख्या कामांपुरती लागणारी पॅकेजं वगळून तपासते; तिच्या यादीत ते नव्हतंच. टेस्टचा मजकूर आम्हीच लिहितो, बाहेरचा माणूस तिथे काय घुसवणार? ५.०.१मध्ये दुरुस्ती होती, ती महिन्याच्या नेहमीच्या अपडेटबरोबर घेतली. `npm audit fix --force` मात्र टाळलं. ते पॅकेजची मेजर आवृत्तीही बदलतं आणि चालू कोड मोडू शकतो.

डिसेंबर २०२१चा लॉग४जे या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचा दोष याच्या अगदी उलट. तिथे १० गुण आणि तातडीही खरी, कारण नावाच्या रकान्यात कुणी रचलेला मजकूर टाकला आणि तो लॉगमध्ये गेला, तरी सर्व्हरवर परका कोड चालू शकत होता. त्याआधी महिनाभर अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांची यादी सुरू केली होती. पुढच्या ३० दिवसांत हल्ल्याची शक्यता किती, हे सांगणारा EPSS आकडाही त्याच वर्षी जाहीर झाला. आमच्याकडे आता आधी ती यादी बघतात, मग पॅकेज कुठे चालतं ते, आणि गुण शेवटी.

पण `--omit=dev` एका बाबतीत फसवतं. पॅकेजमध्येच कुणी घातक कोड घातला असेल, तर तो इन्स्टॉल होतानाच प्रोग्रामरच्या मशीनवर चालू शकतो, मग ते टेस्टपुरतं का असेना. तसा अ‍ॅलर्ट आला तर त्याच दिवशी पॅकेज काढायचं आणि त्या मशीनवरचे पासवर्ड, टोकन बदलायचे.